मदत हवी आहे: सर्चमध्ये सगळ्यात वर आलेली लिंक जाहिरात आहे की साधी, कसं ओळखायचं?

गोंधळलेला_गडी
मंडळी, व्हीएलसी प्लेअर टाकायचाय म्हणून गुगलवर "vlc download" सर्च केलं. वर एकाखाली एक तीन-चार लिंका आल्या आणि व्हीएलसीची खरी साईट videolan.org त्यांच्या खाली. पहिल्या लिंकला नाव बरोबर, नारिंगी टोपीचं चित्रही तेच, पण पत्ता भलताच, म्हणून अजून क्लिक केलं नाहीये. पहिलीच्या वर "प्रायोजित" असं काहीतरी आहे, पण दुसरी-तिसरीवर काहीच लिहिलेलं नाही. मग त्या साध्या धरायच्या का? आणि एवढ्या वर ठेवलंय म्हणजे गुगलने तपासूनच ठेवलं असेल ना?

बिनधास्त_बंड्या
सोप्पंय, प्रायोजित दिसलं की फ्रॉड समजायचं आणि खाली जायचं. बाकीच्यांना पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की डोळे झाकून क्लिक.

जुना_खोडकर
बंड्याचं अर्धं बरोबर, खाली जा हे ठीक. पण प्रायोजित म्हणजे फ्रॉड असं नाही रे, खऱ्या कंपन्यासुद्धा स्वतःच्याच नावावर जाहिरात लावतात, नाहीतर स्पर्धक तिथे येऊन बसतो. आणि कुलुपाचा अर्थ एवढाच की तुझं आणि त्या साईटचं बोलणं मधे कोणी वाचू शकत नाही, समोरचा प्रामाणिक आहे की नाही ते कुलूप सांगत नाही, तसं सर्टिफिकेट चोरालाही फुकटात मिळतं.

आता गडीभाऊ, तुमचा दुसरी-तिसरीचा प्रश्न. आधी प्रत्येक जाहिरातीवर वेगळी खूण असायची, २०१३ च्या सुमारास तर पिवळी ठसठशीत पट्टी होती, मग हिरवी झाली, मग काळी. २०२५ च्या शेवटी गुगलने टेक्स्ट जाहिरातींचा एकच गट केला आणि मथळाही त्या गटावर एकदाच. म्हणजे त्या मथळ्याखालच्या सगळ्याच जाहिराती, जास्तीत जास्त चार. गट संपतो तिथे तो लपवायचं बटण असतं, त्याच्या खालून साधे रिझल्ट सुरू. पण पानाच्या तळाशी परत जाहिराती येऊ शकतात हे लक्षात ठेवा.

वरची जागा लिलावात मिळते. एका क्लिकला कोण किती द्यायला तयार आहे आणि जाहिरात त्या शोधाला किती जुळते, लोक त्यावर क्लिक करतील का, असं सगळं मिळून क्रम लागतो. तुमच्यासाठी कोणती फाईल चांगली हा प्रश्न त्यात येतच नाही.

गोंधळलेला_गडी
बरं, पण मी पत्ता बघूनच थांबलो ना, म्हणजे पत्ता नीट वाचला की झालं?

जुना_खोडकर
बहुतेक वेळा हो, पण नेहमी नाही. २०२२ मध्ये गिंप या फोटो एडिटरच्या नावाने एक जाहिरात आली होती, तिच्यात पत्ता चक्क gimp.org दिसायचा आणि क्लिक केल्यावर gilimp.org उघडायचं. तिथली फाईल सुमारे ७०० एमबीची, खरा माल त्यात थोडासाच, बाकी नुसतं भरताड, आणि आत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम! म्हणून क्लिक केल्यावर पान उघडलं की ब्राउझरमधला पत्ता परत वाचायचा. सुरुवातीचं `https://` सोडून पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा भाग घ्यायचा आणि त्याचा शेवट बघायचा. `videolan.org.kahitari.example` असं असेल तर मालक `kahitari.example`, सुरुवातीचं videolan नुसती सजावट.

जाहिरातीच्या बाजूला तीन टिंबं असतात, तिथे जाहिरातदाराचं नाव कळतं.

नवी_दुकानदारीण
मला पण हाच त्रास आहे हो, माझ्या शिवणकामाच्या साईटला सर्चमध्ये वर आणायचंय. जाहिरात लावली की खालच्या साध्या रिझल्टमध्ये पण वर येईन ना??

जुना_खोडकर
ताई, इथला प्रश्न वेगळाय, पण सांगतो. नाही. जाहिरातीचे पैसे दिल्याने साध्या रिझल्टमधला नंबर वाढत नाही असं गुगल स्वतःच सांगतं, पैसे थांबले की वरची जागाही गेली.

गोंधळलेला_गडी
तीन टिंबं दाबली. कुठलीतरी मार्केटिंग कंपनी आहे, व्हिडिओलॅनचा पत्ताच नाही, आणि पुढे "पडताळणी झालेली" असं लिहिलंय. मग काय समजायचं?

जुना_खोडकर
कागदपत्रं बघून ओळख तपासलीये, एवढंच. ती जी फाईल देते ती कुणी चालवून बघितली असं त्यात काही नाही. तुम्ही सरळ videolan.org टाइप करून जा.

बिनधास्त_बंड्या
मी ॲडब्लॉकर टाकतो, विषय कट. एफबीआयने पण २०२२ मध्ये तेच सांगितलं होतं.

वाचक_राहिलो
सांगितलं होतं, खरंय, पण त्याने फक्त जाहिराती जातात. "बेस्ट फ्री पीडीएफ कन्व्हर्टर" शोधा, साधा पहिला रिझल्ट टॉप टेनची यादी निघते आणि त्यातल्या लिंकांवर यादीवाल्याला कमिशन असतं. कधी तळाशी बारीक अक्षरात लिहितात, कधी लिहीतच नाहीत. लिंकच्या शेवटी `ref=` किंवा `aff=` असं काही दिसलं तर मी शंका घेतो.

जुना_खोडकर
ते शेपूट मधल्या रिडायरेक्टमागे लपवता येतं, म्हणून नाही दिसलं म्हणजे कमिशन नाही असं धरू नका. यादीवाल्याने स्वतः फाईल रूपांतरित करून बघितलीये का, मराठी मजकूर फुटला का, असं काही लिहिलंय का ते मी शोधतो. तरी नक्की सांगता येत नाही. अजून कुणाकडे याहून बरी युक्ती?