मदत हवी आहे: आधी गार लागणाऱ्या जॅकेटची ऊब शब्दांत कशी मांडावी?

आमच्या ऑनलाइन कपड्यांच्या दुकानात हिवाळी कपडे दाखल होत असून त्यांचा मजकूर मी लिहीत आहे. फ्लीसच्या जॅकेटचे वर्णन सहज जमले, कारण त्याचे केसाळ कापड त्वचेला मोजक्याच ठिकाणी टेकते आणि हात लावताच उबदार वाटते. अडचण आहे ती पॉलिएस्टर भरलेल्या, गुळगुळीत अस्तराच्या जॅकेटची. हे अस्तर त्वचेला सपाट चिकटून अंगातली उष्णता चटकन ओढून घेते, त्यामुळे घालताच ते गार लागते. भरावात अडकलेली हवा तापल्यावर, म्हणजे मिनिटा-दोन मिनिटांनी, खरी ऊब जाणवते.

पहिल्या मसुद्यात मी ‘अंगावर घेताच उबेची मिठी’ असे लिहिले होते. नमुना स्वतः घालून पाहिल्यावर ते वाक्य खोटे ठरले, म्हणून काढून टाकले. ‘मऊ, उबदार, आरामदायी’ ही विशेषणे तर प्रत्येक स्वेटरला चिकटवता येतात. सध्याचा मसुदा असा आहे: ‘चेन गळ्यापर्यंत ओढा. पहिला गारवा ओसरतो, आणि पाठीवर कोवळे ऊन पडावे तशी ऊब हळूहळू पसरते.’

मजकूर दोन-तीन वाक्यांतच बसवायचा आहे, आणि किती तापमानापर्यंत जॅकेट पुरेल याची चाचणी झालेली नसल्याने तसा दावा करता येणार नाही. पहिल्या गारव्याचा उल्लेख प्रामाणिकपणे ठेवावा, की तो वगळून ऊब स्थिरावल्यानंतरच्या क्षणापासूनच सुरुवात करावी?