फोर्स मेजरचं कलम नव्हतं म्हणून डिपॉझिट बुडालं? कोणी सांगितलं?

बाणेदार: लॉकडाऊनमध्ये हॉलवाल्याने लग्नाचं डिपॉझिट खाल्लं, हे रडगाणं अजून संपत नाही. पावतीवर फोर्स मेजरचं, म्हणजे हाताबाहेरच्या संकटाचं कलम होतं का? नव्हतं. मग हक्क कसला? सही करताना वाचायचं नाही आणि नंतर गळा काढायचा. ज्यांच्या करारात कलम होतं त्यांना पैसे मिळाले, ज्यांच्या नव्हतं त्यांचे गेले. विषय संपला.

काळा कोट: संपला नाही. तुम्ही तो उलटा धरलाय, आणि असलं वाचून लोक हक्काचे पैसे सोडून देतात म्हणून एवढं लिहितोय.

माझ्याकडे आलेलं एका मुलीच्या वडिलांचं प्रकरण घ्या. १० मे २०२० चा मुहूर्त, भाडं अडीच लाख, डिसेंबरमध्येच एक लाख भरलेले. पावतीवर फोर्स मेजर वगैरे काही नाही, फक्त छापील ओळ: ‘कार्यक्रम रद्द केल्यास आगाऊ रक्कम परत मिळणार नाही.’ मे महिन्यात हॉल बंद, आणि बंद सरकारी हुकमाने. करारात अशा प्रसंगाबद्दल अवाक्षर नसतं तेव्हा करार कायद्याचं कलम ५६ आपसूक लागू होतं. ठरलेलं काम नंतर अशक्य किंवा बेकायदा झालं की करार तिथेच रद्दबातल. नोटीस लागत नाही, हॉलवाल्याची मर्जी लागत नाही. मग कलम ६५ येतं: अशा कराराखाली ज्याने जे घेतलं ते त्याने परत द्यायचं. म्हणजे लाख रुपये परत.

आता समजा त्याच पावतीवर कलम असतं: ‘नैसर्गिक आपत्ती, महामारी किंवा शासकीय आदेशामुळे कार्यक्रम न झाल्यास सहा महिन्यांत दुसरी तारीख दिली जाईल, रक्कम परत मिळणार नाही.’ संकटाचा विचार दोघांनी आधीच केलाय, तोडगाही लिहून ठेवलाय. मग ५६ बाजूला राहतं, कलम ३२ प्रमाणे करारात लिहिलंय तेच चालतं. तारीख घ्या, पैसे विसरा. फोर्स मेजर हे काही पैसे परत मिळण्याचं कलम नव्हे. त्यात जे लिहिलंय तेवढंच ते, आणि ते बहुधा हॉलवाल्याच्या वकिलाने लिहिलेलं असतं. कलम नव्हतं हे त्या मुलीच्या वडिलांचं नशीब.

बाणेदार: व्वा! म्हणजे करार जितका ढिसाळ तितका फायदा जास्त. उद्यापासून सगळ्यांनी कोऱ्या कागदावर सह्या करा.

कार्यालयवाला: वकीलसाहेब, माझं स्वतःचं कार्यालय आहे, तीस वर्षं. ती छापील ओळ तुम्ही सोयीने ओलांडून गेलात. रक्कम परत नाही हे लिहिलंय ना? मग करारात प्रसंगाचा विचार झालाय, आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ५६ बाद. शिवाय आमचा खर्च कोण बघणार? वॉचमनचा पगार, विजेचा स्थिर आकार, मार्चमध्येच मांडववाल्याला दिलेली उचल. एका मुहूर्तावर दुसरं बुकिंग नाकारलेलं असतं ते वेगळंच. हॉल बंद आम्ही नव्हता केला.

काळा कोट: काका, मुद्दा चांगला आहे पण अर्धा. ओळ म्हणते ‘रद्द केल्यास’. रद्द कोणी केलं? नवरदेव पळाला, पत्रिका जुळली नाही, दुसरा हॉल स्वस्त मिळाला, तर ती ओळ लागू. इथे तुम्हालाच हॉल उघडता येत नव्हता. तीच ओळ या प्रसंगावर ताणता येते असं म्हणणारे वकील भेटतील, आणि एखादं न्यायालय ऐकेलही. मला ते पटत नाही. खर्चाचं म्हणाल तर इंग्लंडने १९४३ मध्ये वेगळा कायदा केला. त्यात झालेला खर्च न्याय्य वाटेल तेवढा ठेवून घेऊ देण्याची न्यायालयाला मुभा आहे. आपल्या ६५ मध्ये तशी स्पष्ट तरतूद नाही. तेवढी तुमची तक्रार रास्त. मांडववाल्याची पावती असेल तर तडजोडीत पुढे करा. वॉचमनचा पगार मात्र लग्न असो नसो द्यायचाच होता.

दुकानदार डोंबिवली: हॉलचं राहू द्या. माझ्या दुकानाचं सांगा. मार्चअखेरपासून शटर बंद, तेही सरकारच्याच हुकमाने. मालकाने एक महिना सोडला नाही. जागा सोडताना अनामतीतून तीन महिन्यांचं भाडं कापून घेतलं, वर रंगाचे पैसे. पैसे परत करायची वेळ फक्त हॉलवाल्यावर का? माझा करार रद्दबातल का नाही? ५६ काय फक्त वऱ्हाडी मंडळींसाठी आहे?

मावशी नागपूरकर: आणि मालक काय हवा खाऊन जगतो? यांच्या माघारी माझं घर एका गाळ्याच्या भाड्यावर चालतं. भाडेकरूने तीन महिने दिलं नाही, वर मलाच कायदा शिकवला. मालमत्ता कर मला कोणी माफ केला नाही हो.

दुकानदार डोंबिवली: मावशी, तुमचा गाळा तुमच्याकडेच राहिला. माझा माल सडला.

मावशी नागपूरकर: सडला तर माझ्यामुळे सडला का? ज्याने बंद केलं त्याला विचारा.

काळा कोट: दोघे थांबा. दुकानदारदादा, आधी सांगा, भाडेपट्टा होता की लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसती वापराची परवानगी? कारण भाडेपट्टा असेल तर ५६ चा रस्ताच बंद आहे. १९६८ चा निकाल आहे, राजा ध्रुव देव चंद यांचा. जमीन खंडाने दिलेली, फाळणीत ती पाकिस्तानात गेली, खंडकरी जीव वाचवून इकडे आले आणि भरलेला खंड परत मागितला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. पट्टा दिला त्या दिवशी हस्तांतरण पूर्ण झालं. आता करायचं शिल्लक काही नाही, मग अशक्य काय होणार? पट्टेदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ उरतं. आग, पूर, दंगल अशा कारणाने जागा कायमची निरुपयोगी झाली तर पट्टा संपवता येतो. संपवता येतो, बरं का. जागा ठेवायची आणि भाडं द्यायचं नाही, हे त्यात बसत नाही.

दुकानदार डोंबिवली: फाळणीत घरदार सोडून आलेल्याला खंड परत नाही! धन्य ते न्यायालय. आणि माझं लिव्ह अँड लायसन्स होतं. ३३ महिन्यांचं, नोंदणी केलेलं. आता काय सांगता?

काळा कोट: मग भाडेपट्ट्याचा नियम सरळ लागू होत नाही, ५६ ची दारं उघडी आहेत. पण आत गेल्यावर अडचण आहे. ३३ पैकी तीनच महिने दुकान बंद. माल आत, किल्ली तुमच्याकडे. कराराचा गाभाच गेला असं कसं म्हणणार? आणि हे ध्यानात घ्या: ५६ करार स्थगित करत नाही, मारतं. तुमचा करार एप्रिलमध्ये मेला असं म्हणायचं असेल तर जागा एप्रिलमध्येच रिकामी करायला हवी होती. तुम्हाला हवी होती तीन महिन्यांची सूट. ती फक्त करारातलं कलम देऊ शकतं, म्हणजे ‘जागा वापरता न आल्यास त्या काळाचं शुल्क लागणार नाही’ असं काही. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये खान मार्केटच्या दुकानाबाबत जवळपास हेच केलं. भाडेमाफी नाकारली, फक्त भरायला थोडी मुदत दिली.

दुकानदार डोंबिवली: म्हणजे हॉलच्या बाबतीत कलम नसणं बरं, माझ्या बाबतीत असणं बरं. सगळे पत्ते तुमच्याच हातात. फी किती घेता?

बाणेदार: हेच म्हणत होतो मी!

मावशी नागपूरकर: मुद्दा कळला. भाडं द्यायचं होतं.

जुना लॉ कॉलेज: काळा कोट यांनी सत्यव्रत घोष खटल्याचं नाव कसं घेतलं नाही? या विषयाची गंगोत्रीच ती. कलकत्त्याला बांगूर कंपनीने वसाहत आखली, १९४० मध्ये इसार घेऊन प्लॉट विकले, रस्ते-गटारं आपण करू म्हणाली. युद्ध आलं, सरकारने जमीन ताब्यात घेतली. १९४३ मध्ये कंपनी खरेदीदारांना म्हणते, आता जमत नाही, इसार परत घ्या. म्हणजे अशक्यतेचा आधार घेणारा गरीब ग्राहक नव्हता, जमीन राखून बसलेली कंपनी होती. सर्वोच्च न्यायालयाने तो आधार मान्य केला नाही. रस्ते कधीपर्यंत करायचे याची मुदतच नव्हती, युद्ध तर करारावेळीच चालू होतं, आणि ताबा तात्पुरता. थांबा आणि युद्धानंतर करा. ५६ केव्हा लागत नाही हे त्या निकालातून कळतं.

काळा कोट: बरोबर, आणि म्हणूनच १० मे चं लग्न वेगळं. तिथे तारीख हाच करार होता. प्लॉटचे रस्ते पाच वर्षांनी चालतात.

गुरुजींचा मुलगा: नुसतं महाग पडलं तर? केटररने २०२१ मध्ये तेलाचे भाव वाढले म्हणून ताटामागे ८० रुपये जादा मागितले. म्हणे फोर्स मेजर.

काळा कोट: नाही चालत. एनर्जी वॉचडॉगच्या २०१७ च्या निकालात इंडोनेशियाचा कोळसा महागला म्हणून वीज कंपन्यांनी हाच दावा केला. करारातल्या कलमानेच इंधनाची दरवाढ वगळली होती, आणि ५६ बद्दल न्यायालय म्हणालं, तोटा होणं म्हणजे अशक्य होणं नव्हे. कोळशाला जे लागू ते गोडेतेलालाही.

कार्यालयवाला: मग माझा खरा प्रश्न ऐका. मे २०२० मध्येच ५० माणसांत लग्नाला परवानगी मिळाली. माझ्याकडे जूनचं बुकिंग होतं, ६०० पानांचं. मी म्हटलं, हॉल देतो, ५० जणांत करा. त्यांनी घरच्या गच्चीत उरकलं आणि पैसे मागितले. इथे तर काही अशक्य नव्हतं!

जुना लॉ कॉलेज: इंग्लंडच्या राजाचा १९०२ चा राज्याभिषेक आठवा. मिरवणूक बघायला खिडकीची खोली घेतलेली, राजा आजारी पडला, मिरवणूक लांबली. खोली जागेवरच होती, तरी भाड्याची बाकी देणं लागत नाही ठरलं. कारण खोली घेतली ती मिरवणुकीसाठीच.

कार्यालयवाला: तिकडे मिरवणूकच निघाली नाही. इकडे लग्न लागलं की! नवरा-नवरी होते, भटजी होते.

काळा कोट: मला वाटतं ६०० च्या हॉलचं भाडं ६०० जणांसाठी असतं, गाभा गेला. पण काकांच्या बाजूनेही लढवता येईल, खात्रीने सांगत नाही.

गुरुजींचा मुलगा: आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बुकिंग करून एप्रिलअखेर २५ माणसं आणि दोन तासांत अडकलेले आम्ही?

काळा कोट: तुमचं आणखी कठीण. तोवर करोना सगळ्यांना ठाऊक होता. हॉलवाला म्हणेल, संकट दिसत असताना सही केलीत, जोखीम तुमची. तुम्ही म्हणाल, ती तर त्यालाही दिसत होती. पावतीचा फोटो टाका, नाव-पत्ता झाकून. शब्द बघितल्याशिवाय पुढे बोलत नाही.

बाणेदार: म्हणजे शेवटी पावतीच वाचायची. माझं वाक्य परत घेतो, निम्मं.