डीओए रिपोर्ट: दुरुस्तीला हो म्हणू नका

> ‘ऑनलाइन घेतलेला नवा मोबाईल सुरूच होईना. विक्रेता म्हणतो कंपनीशी बोला. आमच्या निपाणीत या कंपनीचं सेंटर नाही, काय करू?’

आधी रिप्लेसमेंटची मुदत संपायच्या आत खरेदीच्या ॲपवर तक्रार टाकून ठेवा. मग बेळगाव किंवा कोल्हापूर, जवळ पडेल ते अधिकृत सेंटर गाठा. बिल, चार्जर, खोका सगळं न्या.

काउंटरवरचा पोरगा हमखास म्हणतो, ‘ठेवून जावा, बोर्ड बदलून देतो.’ तिथंच अडवा. एकदा दुरुस्ती झाली की डीओए, म्हणजे फोन मुळातच बंद आल्याचा सेंटरचा रिपोर्ट, मिळणं अवघड. जॉबशीटवर ‘पॉवर ऑन होत नाही, पाणी-फूटतूट नाही’ असं लिहून घ्या. त्यावरचा आयएमईआय बिलाशी अंक न् अंक जुळतोय का पाहा. एक आकडा चुकला तरी विक्रेत्याला आयतं निमित्त मिळतं. मग जॉबशीट तक्रारीला जोडा. ऑनलाइन विक्रेत्याला सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही, २०२० चे ई-कॉमर्स नियम तसे आहेत. तरी टोलवलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा.