अनुभव धागा: काकांच्या रेल्वेतल्या आठवणींना नाव काय द्यावं?

माझे मोठे काका 1978 साली असिस्टंट स्टेशन मास्तर म्हणून लागले आणि बढत्या घेत अधिकारी होऊन निवृत्त झाले. पण वहीत लिहिलंय ते जवळजवळ सगळं पहिल्या पंधरा वर्षांतलं, मीटरगेजच्या काळातलं. आधी लोंढ्याच्या पलीकडे तिनईघाट, कॅसलरॉक, मग खानापूरजवळ गुंजी, आणि शेवटी पार दुसऱ्या टोकाला, कृष्णेच्या अंगाला रायबाग आणि चिंचली. टाईप करून 170 पानं झाली. मुखपृष्ठ करणारा नाव मागतोय.

काकांनी स्वतः 'माझी रेल्वेसेवा' लिहून ठेवलंय. चुलतभावाला 'दूधसागरच्या कुशीत' हवंय. मी पानं मोजली, तर दूधसागरची सहाच निघाली. तिथे ते कुणाच्या तरी रजेत अकरा दिवस होते. धबधबा वाचायला पुस्तक घेणाऱ्याच्या हाती चिंचलीची मायाक्काची यात्रा आणि जादा गाड्यांचा गोंधळ येईल, आणि ते प्रकरण पुस्तकात सगळ्यात चांगलं आहे.

माझ्या मनात 'लूप लाईन' आहे. घरातल्या कुणाचं आत्मचरित्र तुम्ही छापलं असेल, किंवा अशा स्टेशनांवर राहिला असाल, तर अनुभव लिहा.

टिळकवाडीकर

लूप लाईन नको. मी तीस वर्षं सरकारी नोकरी केली. आमच्यात साहेबाची मर्जी गेली की माणूस लूप लाईनला टाकतात. नाव वाचून पहिला विचार हाच येणार, की काकांना शिक्षा म्हणून जंगलात पाठवलं होतं. रेल्वेतही अर्थ तोच असणार, कमी महत्त्वाची लाईन.

लोंढा जंक्शन (निवृत्त गार्ड)

टिळकवाडीकर, कचेरीतला अर्थ तुम्ही बरोबर सांगितला, रेल्वेतला नाही. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने स्टेशनात बाजूला उभं राहायचं असतं, ती जागा म्हणजे लूप. आज पॅसेंजर थांबते, उद्या मालगाडी. लूप नसेल तर त्या स्टेशनात गाड्यांचं क्रॉसिंगच होणार नाही. कॅसलरॉकला पावसात मालगाडी घेऊन मी किती तास लुपात काढलेत! तिथला मास्तर चहा पाठवायचा.

तरी माझं मत 'लाईन क्लिअर'ला. हा शब्द बाहेरचे लोक उलटा समजतात. त्यांना वाटतं, मास्तर झेंडा दाखवतो म्हणजे लाईन क्लिअर देतो. तसं नसतं. माझी गाडी तिनईघाटहून कॅसलरॉकला जायची असेल तर तिनईघाटचा मास्तर लाईन क्लिअर मागतो आणि कॅसलरॉकचा देतो. मधली लाईन मोकळी आहे, तुमची गाडी मी घेतो, असं पुढच्याने सांगायचं. त्याने दिली की मागणाऱ्याच्या यंत्रातून लोखंडी गोळा निघतो. तो ड्रायव्हरच्या हाती पडल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत त्या टप्प्याचा दुसरा निघत नाही, ना इकडच्या यंत्रातून ना तिकडच्या. म्हणजे छोट्या स्टेशनचा मास्तर रात्रभर एकच काम करत असतो, शेजारच्याला विचारणं आणि शेजाऱ्याला उत्तर देणं. काकांच्या वहीत हे आलंय का बघा.

रेल्वे क्वार्टर नं. ३

मी स्टेशन मास्तरची मुलगी. माझं बालपण रायबागच्या बाजूला गेलं. नाव शोधताना घरातल्या बाईला विचारलंत का? आमच्या स्टेशनात उन्हाळ्यात प्यायचं पाणी टाकीच्या वाघिणीतून यायचं, आणि आईचा दिवस त्या वाघिणीवर ठरायचा. बाबांनी लिहिलं असतं तर त्यात सिग्नल आले असते, पाणी आलं नसतं. वहीत काकू कुठे येतात, ते आधी शोधा.

निपाणीकर

आमच्या वडिलांचं पुस्तक आम्ही छापलं. ते पोस्टमास्तर होते. नाव ठेवलं 'आठवणींचा ठेवा'. छान वाटलं, पण ग्रंथालयात त्याच नावाची आणखी दोन पुस्तकं निघाली आणि लोक भलतंच घेऊन जायचे. एकाच नावाची दोन पुस्तकं असायला कायद्याची आडकाठी नाही. नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, 2015 साली सर्वोच्च न्यायालयानेही एका चित्रपटाच्या नावावरून तेच सांगितलं. पण वाचकाला त्रास व्हायचा तो होतोच.

दुसरं, नाव पक्कं झाल्याशिवाय आयएसबीएनचा अर्ज करू नका. नंतर नाव बदललं तर नंबर नवा घ्यावा लागतो. आम्ही घाई केली आणि सगळं दोनदा केलं. आणि कण्याचा विचार करा. 170 पानांचा कणा फार तर आठ-नऊ मिलिमीटर होईल. वर वेलांट्या, खाली उकार, त्यात दोन ओळी केल्या तर काही वाचता येत नाही.

खानापूरचा

काय करुलास बाबा, एवढा विचार! 'बेळगाव' घाल नावात. आमच्याकडचा माणूस ते बघूनच उचलतो. आणि गुंजीत आमचे मामा गँगमन होते, काकांना विचार की आठवतात काय.

लोंढा जंक्शन

खानापूरकर, वहीतली बहुतेक स्टेशनं तालुक्याबाहेरची, काही जिल्ह्याबाहेरची. तिनईघाट आणि कॅसलरॉक उत्तर कन्नड जिल्ह्यात येतात. 'बेळगाव' वर छापलं तर तिकडचा वाचक विचारणारच. उपशीर्षकात 'बेळगाव सीमाभाग' चालेल.

धागाकर्ता

सगळ्यांचं वाचून वही पुन्हा घेऊन बसलो. 'लूप' चौदा ठिकाणी सापडला, 'लाईन क्लिअर' एकसष्ट ठिकाणी. मोजून ठरवायचं नव्हतं, पण शब्द कुठे येतो ते पाहताना एक पान हाती लागलं.

जुलै महिना, तिनईघाट, रात्रीचे दोन. यंत्रातून गोळा निघेना. फोन तेवढा चालू होता. पलीकडच्या मास्तरने नियमाप्रमाणे प्रायव्हेट नंबर, म्हणजे संमतीची खूण म्हणून सांगायचा गुप्त आकडा, दिला, काकांनी कागदी लाईन क्लिअर लिहून ड्रायव्हरला दिली आणि गाडी सोडली. ती पोचल्याचा निरोप येईपर्यंत दोघं फोनवर होते. तो कन्नड, काका मराठी, बोलणं मोडक्या हिंदीत. काकांनी पुढे लिहिलंय: 'दोन वर्षं रोज रात्री बोललो. त्याचा चेहरा मी बदलीच्या दिवशी पाहिला.'

म्हणून आता 'लाईन क्लिअर'कडे झुकलोय. कन्नडमध्ये भाषांतर झालं तरी शब्द तोच राहील, हा एक फायदा. अडचण अशी की रेल्वेबाहेरच्या चार जणांना नुसतं नाव ऐकवलं, तर तिघांनी अंदाज केला की हे यशाचे मार्ग सांगणारं पुस्तक असेल. उपशीर्षक लागणारच. सध्याचं असं: 'तिनईघाट ते चिंचली, एका स्टेशन मास्तरच्या रात्री'. काकांना त्यातलं 'स्टेशन मास्तर' खटकलं. निवृत्त झालो तेव्हा अधिकारी होतो, म्हणाले. मी विचारलं, अधिकारी झाल्यानंतरची पानं किती? ते उठून देवघरात गेले.

क्वार्टर नं. ३, काकू बावीस पानांवर येतात, बहुतेक ठिकाणी डबा घेऊन. काल त्यांना विचारलं, तुम्ही काय नाव ठेवाल? त्या म्हणाल्या, रात्रपाळीला ते त्या यंत्रापाशी असायचे आणि मी खिडकीपाशी, गाडीचा आवाज पुढे निघून गेला की मी झोपायची. हे वहीत कुठेच नाही. काका ऐकत होते. त्यांनी वही मागून घेतलीय आणि अजून परत दिलेली नाही, म्हणून मुखपृष्ठवाल्याला आठ दिवस थांबवलंय.

खानापूरकर, मामांचं विचारलं. गुंजीच्या गँगमधला एक जण काकांना आठवतो, पावसात रात्री रूळ तपासायला कंदील घेऊन निघायचा. नाव आठवेना. मामा डावखुरे होते का?