मुदत हा कराराचा गाभा लिहिला, म्हणजे उशीर होताच साठेखत रद्द करता येते का?

मुळशीकर
माझ्या प्लॉटच्या साठेखतात स्वच्छ लिहिले होते की मुदत हा या कराराचा गाभा आहे आणि ३० जूनपर्यंत उरलेली रक्कम न दिल्यास करार आपोआप रद्द होऊन विसार जप्त होईल. दुसरा हप्तासुद्धा घेणाऱ्या गृहस्थांनी १९ दिवस उशिरा दिला होता, तो मी निमूट घेतला. शेवटची रक्कम ३० जूनला आली नाही, म्हणून २ जुलैला मी वकिलामार्फत करार रद्द केला. आता ते कोर्टाची भाषा करत आहेत. सही करताना लोक डोळे मिटून घेतात काय?

दिवाणी_दप्तर
डोळे मिटून सही बहुधा दोघांनीही केली आहे. गेली अनेक वर्षे मी दिवाणी न्यायालयात असली साठेखते हाताळतो आहे आणि छापील मसुद्यातले ते एक वाक्य म्हणजे ब्रह्मास्त्र, ही समजूत प्रत्येक तिसऱ्या विक्रेत्याची असते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

करार कायद्याच्या कलम ५५ मध्ये प्रश्न असा आहे की मुदत निर्णायक असावी, असा दोन्ही पक्षांचा खरोखरच हेतू होता का. तसा हेतू असेल तर मुदत चुकताच दुसऱ्या पक्षाला करार रद्द करता येतो. नसेल तर करार जिवंत राहतो आणि उशिरामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई तेवढी मागता येते. हा हेतू कोर्ट एका वाक्यावरून ठरवत नाही, संपूर्ण दस्त आणि पक्षांची वागणूक पाहून ठरवते. जमिनीच्या व्यवहारात तर सुरुवातीचे गृहीतकच मुदत निर्णायक नसल्याचे असते, हे प्रिव्ही कौन्सिलने १९१५ साली जमशेद खोदाराम इराणी प्रकरणात सांगितले आणि ते प्रकरण मुंबईचेच होते.

आपल्या निवेदनात आपल्याला बुडवणारे वाक्य आपणच लिहिले आहे, ‘तो मी निमूट घेतला’. उशिराचा हप्ता घेताना ‘माझे हक्क राखून ही रक्कम स्वीकारत आहे आणि पुढील तारखा काटेकोर पाळाव्यात’ असे दोन ओळींचे पत्र दिले असते, तर आज आपली बाजू निराळी असती. एकदा ढील दिल्यावर दोर पुन्हा ताणायचा असेल, तर आधी लेखी सांगावे लागते: अमुक तारखेपर्यंत, म्हणजे वाजवी दिवस देऊन, रक्कम द्या, अन्यथा करार रद्द करीन. ३० जून संपल्यावर दोनच दिवसांत थेट रद्द करण्याची नोटीस काढणे म्हणजे मधली पायरी गाळणे आहे.

शिवाय साठेखतात उशिराच्या रकमेवर व्याज लावण्याचे कलम आहे का, तेही पाहून सांगा.

खडी_डांबर
व्याजाचा प्रश्न अगदी योग्य विचारलात, कारण आम्हा कंत्राटदारांची सगळी मारामारी त्याच जागी होते. हिंद कन्स्ट्रक्शन विरुद्ध महाराष्ट्र शासन हे १९७९ चे प्रकरण आम्हाला तोंडपाठ असते. नाशिक डाव्या कालव्यावर अळंदी नदीच्या जलसेतूचे काम होते, निविदेत बारा महिन्यांची मुदत होती आणि ती संपताच खात्याने कंत्राट मोडून अनामत जप्त केली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्या दस्तात मुदतवाढ मागण्याची सोय आहे आणि उशिराच्या काळासाठी दंडही ठरवून ठेवलेला आहे, तिथे उशीर होऊ शकतो हे दोघांनी आधीच धरून चालले होते.

माझ्या स्वतःच्या रस्त्याच्या कामात खात्याने दोनदा मुदतवाढ दिली, दोन्ही वेळा दंड कापून घेतला आणि तिसऱ्या खेपेस, वरचे साहेब बदलताच, एका ओळीच्या पत्राने काम काढून घेतले. खडीचे ढीग साइटवर तसेच राहिले, पावसात वाहून गेले आणि देयक अजून अडकलेले आहे. दंड घ्यायचा आणि कंत्राटही मोडायचे, ही कुठली रीत?

मुळशीकर
कलम आहे. उशिरा दिलेल्या रकमेवर दरसाल १२ टक्के व्याज. पण म्हणून मी दिलेली मुदत कचऱ्यात जाते, हे मला मान्य नाही. त्या परिसरातले भाव चार महिन्यांत कुठल्या कुठे गेले आहेत. मी जुन्या भावाने विकून स्वस्थ बसायचे, आणि घेणाऱ्याने बँकेची वाट पाहत राहायचे?

सहावा_मजला
आमच्या बिल्डरने ताबा देण्यास अडीच वर्षे उशीर केला आणि त्याच्या करारातही मुदत हा गाभा असल्याचे वाक्य होते. तरीही वरचे वकीलसाहेब म्हणतात की ते वाक्य कामाचे नाही. हा सल्ला बिल्डरांच्या सोयीचा आहे, एवढेच मला कळते.

दिवाणी_दप्तर
आपण विषय बदलला आहे. प्रकल्पातील सदनिकेला रेरा कायद्याचे कलम १८ लागू होते. ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर व्याजासह पैसे परत घेऊन बाहेर पडण्याचा हक्क थेट त्या कलमातून मिळतो आणि २०२१ च्या न्यूटेक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो बिनशर्त ठरवला आहे. मुदत गाभा होती की नव्हती, ही चर्चा आपल्याला करावीच लागत नाही. दोन व्यक्तींमधल्या प्लॉटच्या साठेखताला ही ढाल नाही. आरोप करण्याआधी वाचले असते, तर बरे झाले असते.

अनघा_स
वकीलसाहेबांचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे, असे मी बँकेच्या कर्ज विभागातील अनुभवावरून म्हणते. १९१५ चे गृहीतक आजच्या भाववाढीत जसेच्या तसे वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ साली के. एस. विद्यानाडम प्रकरणात सुचवले आणि २०११ साली सारदामणी कंदप्पन प्रकरणात तर पैसे देण्याच्या तारखांपुरती मुदत निर्णायक मानली. त्याआधी १९९३ च्या चांद राणी प्रकरणात दहा दिवसांच्या मुदतीला कोर्टाने खरे वजन दिले होते. जमिनीत मुदतीला कधीच किंमत नसते, असा समज घेऊन आमच्याकडे येणारे खरेदीदारही तितकेच फसतात. मंजुरीपत्र हातात नसताना ‘मी तयारच होतो’ असे नुसते म्हणून चालत नाही. खात्यात पैसे होते की नव्हते, हे कोर्ट विचारते.

दिवाणी_दप्तर
सारदामणीचा मुद्दा मी टाळला होता, हे कबूल करतो, कारण तो आमच्या अशिलांना गैरसोयीचा आहे. तरीही फरक लक्षात घ्या: इथे विक्रेत्याने आधीचा उशीर पत्राविना खपवून घेतला आहे. एक उशिरा हप्ता घेतला म्हणून पुढच्या सर्व तारखा पुसल्या जातात, असे मीही म्हणत नाही. निकाल कोणत्याही बाजूला जाऊ शकतो.

एक गंमत मात्र मुळशीकरांनी पाहावी. मुदत गाभा होती हे त्यांनी सिद्ध केले, तर त्याच कलम ५५ च्या तिसऱ्या परिच्छेदानुसार दुसऱ्या हप्त्याच्या १९ दिवसांची भरपाई त्यांना मागता येणार नाही, कारण रक्कम स्वीकारताना तसा इरादा त्यांनी कळवला नव्हता.

मुळशीकर
भरपाई मला नकोच आहे. विसाराचे चार लाख आणि दुसऱ्या हप्त्याचे सोळा लाख माझ्याकडे आहेत, ते कलमाप्रमाणे जप्त झाले आहेत.

खडी_डांबर
वीस लाख! आमची अनामत जप्त झाली तेव्हाही खाते असेच हसले होते.

अनघा_स
सोळा लाख जप्त? आपण कितीचा व्यवहार केला होता?

मुळशीकर
चाळीस लाखांचा. दस्तात ‘दिलेली सर्व रक्कम जप्त’ असे लिहिले आहे.

दिवाणी_दप्तर
करार कायद्याचे कलम ७४ वाचा. जप्तीची रक्कम दस्तात कितीही लिहा, कोर्ट वाजवी भरपाईच देते. त्यातही विसार आणि नुसता आगाऊ हप्ता यांत फरक आहे. विसार हा शब्द पाळण्याची हमी म्हणून दिलेला असेल तर तो ठेवून घेता येतो, असे २०१३ च्या सतीश बत्रा प्रकरणात म्हटले आहे. सोळा लाखांचा हप्ता हा किमतीचा भाग आहे, तो परत करावा लागेल.

२०१५ च्या कैलासनाथ प्रकरणात दिल्ली विकास प्राधिकरणाने १९८२ च्या लिलावातील ७८ लाखांची रक्कम जप्त केली होती. प्राधिकरण वर्षानुवर्षे मुदत वाढवत राहिले, अखेर करार मोडला, आणि तोच भूखंड १९९४ मध्ये ११.७८ कोटींना विकला. जिथे उलट फायदाच झाला आहे तिथे नुकसान कसले, असे विचारून सर्वोच्च न्यायालयाने रक्कम परत करायला लावली. आपल्या परिसरातील भाव वाढल्याचे आपण वरच लिहिले आहे.

खडी_डांबर
म्हणजे विसारही गेला?

दिवाणी_दप्तर
चार लाखांवर दोन्हीकडून युक्तिवाद होईल. खरा विसार असेल तर नुकसान दाखवावे लागते की नाही, याबद्दल वकिलांमध्येच एकमत नाही. वाचून मग भांडा.

अनघा_स
मुळशीकर, एक विचारते. आमच्याकडे प्लॉटचे कर्ज मंजूर करताना मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मागितली जाते. ती देण्याची जबाबदारी साठेखतात कोणाची होती, आणि आपण ती कधी दिलीत?

मुळशीकर
माझी होती. मोजणी खात्याकडून २४ जूनला मिळाली, त्याच दिवशी मी त्यांना दिली. मोजणीदार माझ्या खिशात नाही.

अनघा_स
सहा दिवसांत कोणती बँक कर्ज वितरित करते, हे मला सांगा. माझा वरचा सगळा मुद्दा सारदामणीसकट मी मागे घेते, कारण त्यात विक्रेत्याचे काम उरलेले नाही, हे मी गृहीत धरले होते. स्वतःचा अर्धा भाग उशिरा केलेल्या माणसाने समोरच्याला तारीख दाखवणे मला तरी शोभत नाही.

मुळशीकर
आपण सर्वांनी मिळून मला आरोपी केलेच आहे, तर विचारतो: आज पंधरा दिवसांची नोटीस दिली तर चालेल का?

दिवाणी_दप्तर
आधी २ जुलैची नोटीस मागे घेतल्याचे लेखी कळवा, मग नवी मुदत द्या. मोडलेल्या कराराला मुदत देता येत नाही. आणि नोटिशीने करार रद्द झाला असे आपण मानले, तरी साठेखत नोंदणीकृत आहे. दोघांच्या सहीचा रद्दलेख होईपर्यंत किंवा कोर्टाचा हुकूम येईपर्यंत नोंदणी कार्यालयाच्या इंडेक्स टू मध्ये त्याची नोंद राहणार. कोणताही नवा घेणारा सर्च रिपोर्ट काढताच ती वाचेल.

मुळशीकर
नव्या घेणाऱ्याने सर्च काढला नाही. त्याच्याकडून मी ५ जुलैला पाच लाख घेतले आहेत.

खडी_डांबर
आता कळले, दोन दिवसांत नोटीस का निघाली ते.

दिवाणी_दप्तर
मग करारपूर्तीचा दावा आला, तर त्यात तेही पक्षकार होतील. त्यांचे पाच लाख कोणत्या कागदावर घेतलेत आणि त्यात कोणती मुदत लिहिली आहे, ते कृपया कळवा.