मदत हवी आहे: प्लँटमधून एसएपीत जायचंय, सीव्ही दोन पानांत बसत नाही

चाकणवाला: १४ वर्षं प्रॉडक्शन आणि प्लॅनिंगमध्ये आहे. आता एसएपी सॉफ्टवेअरच्या कन्सल्टिंगमध्ये जायचंय. सीव्ही चार पानांचा झालाय, कन्सल्टन्सीवाले म्हणतात दोनच पानं पाठवा. काय काढू? शनिवारपर्यंत द्यायचाय, लवकर सांगा.

मेघना_पीपी: कुठलं मॉड्यूल? कंपनीत एसएपी वापरता की नुसता कोर्स केलाय?

चाकणवाला: प्रॉडक्शन प्लॅनिंगचं, पीपी. रोज वापरतो. सिस्टिम नवीन आली तेव्हा आमच्या लाइनचा की-यूजर मीच होतो. सीव्हीत ते लिहिलेलं नाही, मुख्य काम नव्हतं ना.

जुना_एचआर: कंपन्या आणि तारखा काढूनच टाका. फक्त स्किल्सचा सीव्ही करा. क्षेत्र बदलताना तोच चालतो.

मेघना_पीपी: स्किल्स वर घ्या हे बरोबर, पण तारखा काढू नका. तारखा नसल्या की गॅप लपवलाय असंच वाटतं.

चाकणवाला, तुमचं की-यूजरचं काम हाच सगळ्यात मोठा मुद्दा आहे, तो पहिल्या पानावर घ्या. गो-लाइव्हच्या आधी बीओएम आणि राउटिंग कोणी तपासलं? टेस्टिंगला कोण बसलं? ऑपरेटरना कोणी शिकवलं? कन्सल्टंटही हेच करतो, फक्त टेबलाच्या पलीकडून. ‘दैनंदिन उत्पादन नियोजन व समन्वय’ या ओळीतून काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा: ‘MD04 वरून तुटवड्याचे पार्ट काढले, CO11N मधल्या चुकीच्या कन्फर्मेशनमुळे बॅकफ्लशनंतर न जुळणारा साठा शोधून दुरुस्त करून घेतला.’ तुम्ही खरंच केलं असेल तेवढंच, कारण इंटरव्ह्यूत पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

दुसऱ्या पानावर नोकऱ्या, आत्ताची सगळ्यात वर. पहिल्या नोकरीला दोन ओळी पुष्कळ. कायझेनची बक्षिसं, सेफ्टी ट्रेनिंगची यादी, वडिलांचं नाव, सगळं काढा.

मंदार_रत्नागिरी: मी शाळेतून कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये आलो. मला सर्टिफिकेटने नोकरी मिळाली. आधी ते करा, सीव्ही नंतर.

मेघना_पीपी: त्यांना शनिवारी सीव्ही द्यायचाय हो.

सोनल_के: दोन कॉलमचं डिझाइन असेल तर पीडीएफमधला सगळा मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकून बघा. तारीख एका नोकरीची आणि काम दुसऱ्या नोकरीचं असं शेजारी आलं, तर पोर्टललाही तसंच दिसू शकतं. एकाच कॉलममध्ये करा.

चाकणवाला: बघितलं, खरंच सगळं मिसळलंय. आजच बदलतो. नावाखाली ‘एसएपी पीपी कन्सल्टंट’ लिहू का?

जुना_एचआर: लिहा. नाहीतर सर्चमध्ये येणारच नाही.

मेघना_पीपी: कॉन्फिगरेशन केलेलं नसेल तर नको. ‘प्रॉडक्शन प्लॅनिंग, एसएपी पीपी की-यूजर’ लिहा, सर्चला पीपी त्यातही सापडतं.

जुना_एचआर: सापडेल, पण त्या पदासाठी उघडणार कोण?