शब्दचर्चा: 'कप्पा' लिहावं की 'कॅपा'? आणि 'रिप्ले'ला काय म्हणावं?

शब्दवेडी
एका तांत्रिक पुस्तिकेचं मराठी करते आहे. विषय आहे बॅच, म्हणजे साठलेल्या डेटावर एकदम हिशोब, आणि स्ट्रीमिंग, म्हणजे नोंद येईल तसा हिशोब, अशा पाइपलाइन एकत्र बांधण्याच्या दोन रचना. मी सरळ 'लॅम्डा रचना' आणि 'कप्पा रचना' असं लिहिलं. मजकूर तपासणाऱ्यांनी आकृतीसकट परत पाठवला. 'कप्पा रचना' या शीर्षकाखाली त्यांनी दोन कप्पे काढून दिले होते, एकात बॅच आणि दुसऱ्यात स्ट्रीमिंग! अर्थ नेमका उलटा झाला, कारण दोन कप्पे लॅम्डात असतात आणि कप्पात एकच वाट असते. तर हे ग्रीक अक्षर मराठीत कसं लिहायचं? आणि त्याच प्रकरणात 'रिप्ले' हा शब्द पानोपानी येतो. मी 'पुनर्प्रक्रिया' केलं आहे, पण ते खटकतंय.

काना_मात्रा
'कप्पा'च बरोबर. ग्रीकमध्ये दोन पकार आहेत आणि पहिला स्वर 'अ'कडे झुकणारा आहे. 'कॅपा' हा इंग्रजीतून फिरून आलेला उच्चार. आपल्याकडे आधीच एक 'कप्पा' आहे म्हणून ग्रीकांनी अक्षर बदलायचं का? बाकी हा आपला कप्पा आणि कपाट एकाच मुळातले असणार.

दोन_ओळी
कपाट म्हणजे संस्कृतात दाराची फळी. आत कप्पे असतात ते नंतर. ही व्युत्पत्ती जरा ओढूनताणून वाटते.

सरळरेषा
नाव लक्षात ठेवायची सोपी खूण सांगतो. λ ला दोन पाय आहेत, बॅच आणि स्ट्रीमिंग, ते वर एकत्र येतात म्हणून लॅम्डा. κ ला एकच उभा खांब. लॅम्डात दोन कोड सांभाळायचे, कप्पात एक, म्हणजे देखभाल निम्मी. इतकं साधं आहे.

रात्रपाळी
लॅम्डाचा आमचा अनुभव वाईट आहे. बराच वेळ कोणी हाक मारली नाही की पहिल्या हाकेला उठायला वेळ लागतो. कप्पात हा त्रास नसतो का?

लॉगवाचक
रात्रपाळी, तुम्ही म्हणता ते क्लाउडवरचं लॅम्डा फंक्शन. नाव तेच, गोष्ट वेगळी.

सरळरेषा, दोन पायांची खूण चांगली आहे, पण ती व्युत्पत्ती म्हणून पुस्तिकेत घालू नका. नेथन मार्झ यांची मांडणी `query = function(all data)` अशी आहे. सगळा कच्चा डेटा न बदलता जपायचा, त्यावर बॅचने पुन्हा पुन्हा पहिल्यापासून हिशोब करायचा, आणि बॅच पोचली नाही तेवढा ताजा तुकडा वेगवान थराने भरून काढायचा. जे क्रेप्स यांनी २०१४ च्या लेखात त्यावर शंका घेतली, आणि सगळं एकाच स्ट्रीमिंग कोडने करून गरज पडली की नोंदींचा लॉग पुन्हा वाचायचा, या पर्यायाला कप्पा म्हटलं. ग्रीक अक्षर द्यावं इतकी ही मोठी कल्पना नसेलही, असंही तिथेच म्हटलं. वर्णमालेत κ हे λ च्या लगेच आधी येतं, एवढं खात्रीने सांगता येईल.

'देखभाल निम्मी' हे मात्र अर्धंच खरं आहे. एक उदाहरण घेऊ. रोज किती वेगवेगळी उपकरणं वापरात होती, ते मोजायचं आहे. एका उपकरणाची नोंद २३:५८ ची आहे, पण नेटवर्कमुळे ती ००:०७ ला पोचली. बॅचचा कोड नोंदीवरची वेळ बघतो आणि ती कालच्या दिवसात टाकतो. वेगवान थराचा कोड दुसऱ्याने लिहिला आहे, तो पोचल्याची वेळ बघतो आणि आजच्या दिवसात टाकतो. रात्री बॅच चालली की सकाळी कालचा आकडा बदललेला दिसतो. दोन्ही कोड आपापल्या जागी 'बरोबर' आहेत.

त्यात ही मोजणी वेगळ्या उपकरणांची असल्याने दोन थरांचे आकडे बेरजेने जोडता येत नाहीत. दोन्हीकडे दिसलेलं उपकरण दोनदा मोजलं जातं. म्हणून वेगवान थरात बहुधा हायपरलॉगलॉगसारखी अंदाजी मोजणी ठेवतात, कारण ती जोडता येते. १६,३८४ खाने ठेवले तर तिची प्रमाण त्रुटी सुमारे ०.८१ टक्के असते. बॅच मात्र अचूक मोजते. म्हणजे दोन आकड्यांत एखाद-दीड टक्का फरक रोजचाच, आणि खरी चूक त्या फरकाच्या आड आरामात लपते. लॅम्डाचा खर्च दोन कोड लिहिण्यात जातो त्यापेक्षा ते दोघे एकच बोलतात ना, हे रोज बघण्यात जास्त जातो.

सरळरेषा
मग बंद झालेल्या दिवसाचे दोन्ही आकडे रोज ताडून बघायचे, ३ टक्क्यांवर फरक गेला की इशारा. झालं काम.

लॉगवाचक
करतातच तसं. फक्त तो ताळा घेणारा कोड तिसरा झाला. व्याख्या बदलली की तोही बदलायचा.

शब्दवेडी
हे सगळं उपयोगी आहे, पण माझा प्रश्न कप्पाच्या लेखनाचा होता. आणि रिप्लेचा.

दोन_ओळी
रिप्लेचं सांगते. 'पुनर्प्रक्रिया' म्हणजे त्याच डेटावर पुन्हा हिशोब. तो लॅम्डात रोज रात्री होतोच. रिप्ले म्हणजे लॉगमधल्या नोंदी आल्या त्या क्रमाने पुन्हा वाचणं. वाचणं एक आणि हिशोब एक. म्हणून रिप्ले म्हणजे 'फेरवाचन'.

काना_मात्रा
'पुनर्वाचन' म्हणा. 'फेर' हा उपसर्ग फारसीतून आलेला वाटतो.

दोन_ओळी
फेरफटका, फेरविचार, फेरमोजणी हे सगळे शब्द हद्दपार करणार का? आणि फेर मराठीत फिरण्यातूनच आलेला आहे असं माझं मत. 'पुनर्वाचन' ऐकलं की वाचक पुस्तक हातात घेतो.

लॉगवाचक
ताईंनी केलेला भेद कामाचा आहे, कारण कप्पाचा खर्च त्याच दोन शब्दांच्या मधे बसलेला आहे. वरचंच उदाहरण कप्पात घ्या. कोडमध्ये चूक सापडली. आता नव्या कोडची दुसरी प्रत वेगळ्या ग्राहकगटाने, म्हणजे लॉग वाचणाऱ्या प्रोग्रॅमच्या वेगळ्या गटाने, लॉगच्या आरंभापासून सुरू करायची, तिला वेगळ्या तक्त्यात लिहू द्यायचं. ती वर्तमानाला येऊन मिळाली की वाचणाऱ्यांना नव्या तक्त्याकडे वळवायचं आणि मग जुनी प्रत आणि जुना तक्ता काढायचा. तोवर दोन्ही तक्त्यांना जागा लागते.

पहिला खड्डा म्हणजे 'आरंभ' कुठला? काफ्का या लॉग ठेवणाऱ्या प्रणालीत तो राखण्याची मूळ मुदत १६८ तास, म्हणजे सात दिवस. ती वाढवायचं राहिलं असेल तर नवा तक्ता फक्त सात दिवसांचा तयार होतो, कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, आणि वळवल्यावर आधीचे महिने गायब. म्हणून वळवण्याआधी नव्या तक्त्यातली सर्वांत जुनी तारीख बघायची. ९० दिवस हवे असतील तर टॉपिकवर आधीपासूनच असं हवं:

```
retention.ms=7776000000
```

दुसरा खड्डा वेळेचा. सेकंदाला ४,००० नोंदी येतात आणि नवी प्रत जोर लावून २०,००० वाचते असं धरा. ती वाचत असताना नव्या नोंदी येतच राहतात, म्हणून मागची बाकी फेडायला हातात उरतात १६,०००. हिशोब असा:

```
90 * 4000 / (20000 - 4000) = 22.5
```

साडेबावीस दिवस! वाचण्याचा वेग १,००,००० वर नेला तर पावणेचार दिवस. पण वेग वाटेल तेवढा वाढत नाही. लॉग पार्टिशन नावाच्या तुकड्यांत वाटलेला असतो, कोणती नोंद कुठल्या तुकड्यात हे तिच्या किल्लीवरून ठरतं, आणि एका गटात एक पार्टिशन एकच ग्राहक वाचतो. बारा पार्टिशन असतील तर तेरावा ग्राहक नुसता बसून राहतो. आणि पार्टिशन वाढवली तर त्याच किल्लीच्या नव्या नोंदी वेगळ्या पार्टिशनमध्ये जाऊ लागतात, म्हणजे त्या किल्लीपुरता क्रम मोडतो.

सरळरेषा
म्हणजे एका कोडची बचत मशीनच्या भाड्यात गेली.

लॉगवाचक
भाड्यात आणि साठ्यात. नोंद ८०० बाइटची धरली तर ९० दिवसांचे साधारण २५ टेराबाइट, तीन प्रती ठेवल्या की ७५. मात्र हे मशीन रोज लागत नाही, चूक सापडेल तेव्हाच. लॅम्डाची बॅच रोज रात्री पूर्ण इतिहास चघळते.

रात्रपाळी
आता कळलं. मग आमचं कप्पाच असणार, कारण गेल्या फेरवाचनात दिवसाचे आकडे थोडे कमीच आले. कोड तोच होता, डेटा तोच.

लॉगवाचक
ही ओळखीची तक्रार आहे. रोजच्या वेगात सगळी पार्टिशन जवळजवळ एकाच वेळेवर असतात. फेरवाचनात एखादं भराभर पुढे पळतं आणि दुसरं आठवडाभर मागे राहतं. 'इथवरच्या नोंदी आल्या' ही खूण, वॉटरमार्क, सगळ्यांच्या मिळून सर्वांत पुढे गेलेल्या नोंदीवरून काढली असेल तर मागच्या पार्टिशनच्या नोंदी 'उशिरा आल्या' म्हणून टाकल्या जातात. खूण प्रत्येक पार्टिशनची वेगळी काढून त्यांतली सर्वांत मागची धरायला हवी. फ्लिंक वापरत असाल तर फेरवाचन चालू असताना हा आकडा बघा:

```
numLateRecordsDropped
```

एरवी शून्याच्या आसपास आणि फेरवाचनात चढत असेल तर हेच कारण.

आणखी एक तपासा. नोंद वाचताना कोड दुसऱ्या तक्त्यातून उपकरणाचा प्रकार उचलतो का? तसं असेल तर तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदीला आजचा प्रकार चिकटतो. लॉग जुना, संदर्भ नवा. ते बदलही लॉगमध्ये हवेत.

रात्रपाळी
उचलतो. पण आकडा चढताना दिसतोय, पहिलं कारणही आहे. दोन्ही.

दोन_ओळी
मग जुना भाग स्वस्त फाइलींत ठेवून, आधी त्या वाचून मग लॉगवर उतरलं तर? कोड एकच, लॉगची मुदत सात दिवसच.

लॉगवाचक
तसं करतात. सांधा नीट जुळला पाहिजे. फाइली जिथे संपतात तिथला ऑफसेट, म्हणजे लॉगमधला नोंदीचा क्रमांक, नोंदवून ठेवला नाही तर मधल्या नोंदी एक तर दोनदा वाचल्या जातात किंवा वाचल्याच जात नाहीत.

सरळरेषा
फाइलींतून इतिहास आणि लॉगमधून ताजं. हे तर दोन पायांवर उभं आहे. लॅम्डाच झालं की!

लॉगवाचक
साठे दोन, कोड एक. मी कप्पा म्हणेन.

सरळरेषा
मी नाही म्हणणार.

शब्दवेडी
'फेरवाचन' घेतलं. धन्यवाद, दोन_ओळी. अक्षरासाठी तूर्त 'κ-रचना' असं लिहून पहिल्या उल्लेखाला उच्चार देते आहे. काना_मात्रा रागावतील. आणि 'बॅच'ला कोणी 'खेप' सुचवलं होतं, कोणी 'तुकडी'. एकही बसत नाही.

काना_मात्रा
रागावलो आहेच. बॅचला आपला 'घाणा' आहे ना. एकदा कढईत घातलं, तळून निघालं, मग दुसरा घाणा. ही बॅच नाही तर काय?

दोन_ओळी
पण तेलाचा घाणा दिवसभर न थांबता फिरतो. ते स्ट्रीमिंग.